आमची वाटचाल : जुन्या कौटुंबिक फोटोंची दुरुस्ती

पुण्याच्या शनिवार पेठेतील आमचे दुकान मुळात फोटोंना फ्रेम करून देणारे होते. फ्रेमसाठी येणारे बरेचसे जुने फोटो ओरखड्यांनी भरलेले किंवा घडीवर फाटलेले असत, आणि वडील त्यांवरचे पांढरे ठिपके अतिशय बारीक ब्रशने, पातळ केलेल्या रंगाने एकेक करून बुजवीत असत. या कामाला फोटोवाले 'स्पॉटिंग' म्हणत. रंग मूळ फोटोवरच चढत असल्यामुळे एकदा लावलेला ठिपका मागे घेता येत नसे, आणि फाटलेल्या जागेपुढे तर तो ब्रश हतबलच होता. 2002 मध्ये Photoshop 7.0 आले, त्यात Healing Brush हे साधन प्रथमच मिळाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच आम्ही स्कॅनर घेऊन हे काम पडद्यावर आणले. साधने बदलली, तरी वडिलांचा एक नियम मात्र आम्ही तसाच ठेवला : कागदावर जे उरले आहे त्यातूनच दुरुस्ती करायची, मनाने चेहरा रंगवायचा नाही.

पानशेतच्या पुरात भिजलेले फोटो आमच्याकडे अजूनही येतात. 12 जुलै 1961 रोजी धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधील वाड्यांत पाणी शिरले. त्या पाण्यातून वाचलेला असाच एक कौटुंबिक फोटो नारायण पेठेतील एका आजींनी आणला होता. आकार साधारण 12 सेंटिमीटर गुणिले 16 सेंटिमीटर, मधोमध तिरका फाटून झालेले दोन तुकडे, खालच्या भागावर वाळलेल्या गाळाचे तपकिरी डाग. फोटो आणण्यापूर्वी त्यांनी फोनवर विचारले होते, "ओल्या फडक्यानं हलकेच पुसून आणू का?" आम्ही त्यांना तसे करू दिले नाही. अशा फोटोतील चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असते. पाणी लागले की तो थर फुगतो, मऊ पडतो आणि डागाबरोबर चित्रही निघून येते. कोरडी धूळ हवेच्या फुग्याने उडवावी आणि बाकीचे स्कॅननंतर पाहावे, हेच सुरक्षित असते.

स्कॅन आम्ही 1200 डीपीआयवर, फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत पद्धतीने आणि टिफ फाइलमध्ये करतो. स्कॅनरमधील आपोआप धूळ काढण्याची आणि कडा तीव्र करण्याची सोय बंद ठेवतो. दोन्ही तुकडे काचेवर एकाच दिशेने ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने पडतो आणि सुरकुतीची, फाटलेल्या कडेची सावली त्याच्या विरुद्ध बाजूला उमटते. एक तुकडा उलटा स्कॅन करून नंतर पडद्यावर फिरवला, तर दोन बाजूंच्या सावल्या जुळत नाहीत आणि सांधा कितीही बुजवला तरी डोळ्याला खुपत राहतो. त्यानंतर फोटो काचेवर थोडा सरकवून आम्ही दुसरा स्कॅन करतो. जो ठिपका फोटोबरोबर सरकत नाही तो काचेवरचा असतो, आणि जो सरकतो तो फोटोवरचा किंवा फोटोतच छापलेला असतो.

रंगीत स्कॅनचा उपयोग गाळाच्या डागांसाठी होतो. पिवळसर तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून स्कॅनच्या निळ्या भागात, म्हणजे Blue चॅनेलमध्ये, तो काळाकुट्ट दिसतो आणि Red चॅनेलमध्ये जेमतेम जाणवतो. आजींच्या फोटोत Red चॅनेल वेगळा काढताच सतरंजीवरचे डाग बहुतेक नाहीसे झाले आणि तिची नक्षी दिसू लागली. हे काम ब्रशने करायला घेतले असते तर ती नक्षी आम्हाला कल्पनेने भरावी लागली असती.

तुकडे जोडण्याआधी फाटलेली कड नीट पाहावी लागते. कागद सरळ कापल्यासारखा फाटत नाही. एका तुकड्यावर आतल्या पांढऱ्या कागदाची पट्टी उघडी पडते आणि दुसऱ्या तुकड्यावर तेवढाच चित्राचा थर पुढे आलेला असतो. ज्याच्यावर थर पुढे आला आहे तो तुकडा वरच्या लेयरवर, म्हणजे पडद्यावर एकावर एक रचलेल्या पारदर्शक पापुद्र्यांपैकी वरच्यावर, ठेवला की पांढरी पट्टी त्याच्याखाली झाकली जाते, आणि उरतो तो केसाएवढा सांधा. पुष्कळजण पांढरी पट्टी दिसली की ती रंगवायलाच घेतात, वास्तविक तिथले चित्र दुसऱ्या तुकड्यावर शाबूत असते.

सांधा, ओरखडे आणि ठिपके यांसाठी आम्ही रिकाम्या लेयरवर काम करतो. मूळ स्कॅनला हात लावत नाही. मोकळी भिंत, जमीन, आकाश अशा सपाट जागी Healing Brush उत्तम चालतो, कारण तो आजूबाजूची छटा पाहून ठिपका मिसळून टाकतो. याच गुणामुळे तो कडेजवळ घात करतो : पांढऱ्या नऊवारीच्या काठाला लागून गडद पार्श्वभूमी असेल, तर तो काळसर छटा काठावर ओढतो आणि तिथे धुरकट डाग पडतो. अशा ठिकाणी नमुना जसाच्या तसा उमटवणारा Clone Stamp घ्यावा लागतो आणि नमुना त्याच काठावरून, निरीच्या दिशेने थोडे पुढे जाऊन उचलावा लागतो.

सगळे ठिपके एकदम घालवणारे `Dust & Scratches` हे फिल्टर फार मोह घालते, पण मराठी घरातील फोटोवर ते सरसकट वापरणे मला अजिबात मान्य नाही. त्याच्या दृष्टीने लहान आणि आजूबाजूपेक्षा वेगळे दिसणारे सगळेच धूळ असते. त्यामुळे नथीचे मोती, मंगळसूत्राचे मणी, कपाळावरचे गोंदण हे सगळे त्यात विरघळते. आम्ही ते वेगळ्या लेयरवर लावून मास्कने झाकतो आणि फक्त भिंतीवर व जमिनीवर उघडतो. चेहऱ्यावरचा प्रत्येक ठिपका हातानेच तपासतो. धुळीच्या कणाची कड तीक्ष्ण असते, तर तिळाची कड फोटोच्या रव्यात, म्हणजे चित्र ज्या बारीक कणांचे बनलेले असते त्यांत, विरत जाते. तरीही शंका उरली की घरच्यांना विचारतो. आजींनी लगेच सांगितले, "अहो, तो मस आहे, मामंजींच्या गालावरचा. तो राहू दे हं."

त्या फोटोतील खरी अडचण मामंजींच्या हाताशी होती. सांधा त्यांच्या दोन बोटांवरून जात होता आणि तिथला थर पुरता गळून गेला होता. बोटांच्या कडा दोन्ही बाजूंना शिल्लक असल्यामुळे त्या जोडून मधली छटा त्याच हाताच्या दुसऱ्या बोटावरून घेता आली. असाच डोळा गेलेला असता, तर दुसरा डोळा उलटा करून बसवा, असे काहीजण सुचवतात. आम्ही ते करत नाही, कारण प्रकाश एका बाजूने पडलेला असतो आणि उलटवलेल्या डोळ्यातील चमक चुकीच्या बाजूला येऊन माणूसच अनोळखी दिसू लागतो. त्याच व्यक्तीचा त्याच सुमाराचा दुसरा फोटो मिळाला तरच तो भाग भरतो, नाहीतर सौम्य छटा देऊन सोडतो आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगतो.

शेवटी दुरुस्त केलेल्या जागा मेणचट दिसतात, कारण तिथला रवा गेलेला असतो. आजूबाजूच्या रव्याएवढा Noise तिथे द्यावा लागतो. मग वर उजेड-अंधारातला फरक वाढवणारा तात्पुरता, खूप तीव्र Curves लेयर ठेवून आम्ही सगळा फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहतो. साध्या नजरेला न दिसलेले ठिपके आणि एकाच नमुन्याच्या पुनरावृत्ती त्यात उघड्या पडतात. आजींच्या फोटोत भिंतीवर अशी एक पुनरावृत्ती सापडली, ती मोडून काढली आणि मग मूळची तपकिरी छटा परत दिली.

ग्राहकाला आम्ही प्रिंटबरोबर दुरुस्त फाइल आणि हात न लावलेला स्कॅन अशा दोन्ही फाइल देतो. मूळ तुकडे चिकटपट्टी न लावता, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात वेगवेगळे ठेवून परत करतो, कारण चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून थरात उतरतो आणि तो डाग Red चॅनेलनेही पूर्णपणे जात नाही.