एका उत्तराला तीन गुण: मुलाखतीच्या पॅनेलवरचा माझा अनुभव

आमच्या गोदामात रात्रपाळीचा शिफ्ट इन्चार्ज नेमायचा होता आणि पॅनेलवर माझं नाव आलं. चाकण भागातलं औषधांचं गोदाम आहे. माल बॅच नंबरप्रमाणे जातो, चूक झाली तर परत मागवायलाही तोच नंबर लागतो, त्यामुळे रात्री माणूस भरवशाचा हवा. याआधी आमच्याकडे मुलाखत म्हणजे अर्धा तास गप्पा आणि शेवटी "माणूस बरा वाटतोय". या वेळी एचआरच्या मॅडमनी गुणपत्रिका हातात ठेवली. प्रत्येक उत्तराला तीन वेगळे गुण द्यायचे: प्रसंग, कृती आणि परिणाम. प्रत्येकी 1 ते 5. कृतीचे गुण दुप्पट धरायचे, म्हणजे एका उत्तराचे एकूण 20. आणि प्रत्येक गुणाशेजारी दोन ओळींची रिकामी जागा, तिथे कारण लिहायचं. कारण नसेल तर गुण धरायचा नाही.

1, 3 आणि 5 म्हणजे काय हे पत्रिकेवर आधीच लिहिलेलं होतं. ते आमच्याच जुन्या शिफ्ट इन्चार्जना बसवून, त्यांनी पाहिलेल्या प्रसंगांवरून ठरवलं होतं. ही पद्धत जुनी आहे. 1963 मध्ये स्मिथ आणि केंडल या दोघांनी नर्सच्या कामाचं मूल्यमापन करण्यासाठी अशीच मोजपट्टी मांडली, आणि त्यातली उदाहरणं हेड नर्सनीच दिली होती. मला ते पटलं, कारण "पुढाकार घेतो" या शब्दांचा अर्थ आमच्या तिघांत तीन निघाला असता. "मॅनेजर नसताना कोणती गाडी आधी काढायची हे स्वतः ठरवलं" याचा अर्थ एकच निघतो.

आता एक उत्तर सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

प्रश्न असा होता: "नेहमीची पद्धत चालेना आणि निर्णय तुम्हालाच घ्यावा लागला, असा एखादा प्रसंग सांगा." उमेदवार दुसऱ्या एका गोदामात इन्चार्ज होता. तो म्हणाला, "सर, मागच्या पावसाळ्यात रात्री सर्व्हर बसला. स्कॅनर चालेनात. पहाटे पाचला चार गाड्या सोडायच्या होत्या, त्यात एक हॉस्पिटलच्या मालाची. मॅनेजरसाहेबांचा फोन लागेना. मग आम्ही ठरवलं, हातानेच करायचं. याद्या काढल्या, दोघादोघांच्या जोड्या लावल्या, हॉस्पिटलची गाडी आधी भरली. सगळ्या गाड्या वेळेत गेल्या. सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली."

ऐकायला उत्तर झकास आहे. माझ्या शेजारी बसलेले सर, आमच्या वितरणाचे प्रमुख, मान डोलवत होते. पण पत्रिकेकडे पाहिलं तर कृतीच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं. "आम्ही ठरवलं" म्हणजे कुणी? आपल्याकडची माणसं मुलाखतीतसुद्धा "मी केलं" म्हणायला कचरतात. सात-आठ जणांनी मिळून केलेल्या कामाबद्दल "मी" म्हणणं त्यांना आगाऊपणाचं वाटतं. म्हणून "आम्ही" ऐकलं की लगेच गुण कापणं अन्यायाचं, आणि त्याला "मी" समजून गुण देणंही चूक. विचारायलाच हवं.

मी विचारलं, "सर्व्हर बंद होता, मग याद्या कुठून काढल्या?" तो म्हणाला, "संध्याकाळी सातला रूटप्रमाणे यादीचा मेल येतो, तो माझ्या मोबाइलवर होता. वॉचमनच्या केबिनमधल्या प्रिंटरवर छापला." जोड्यांची कल्पना कुणाची? "ती आमच्या जुन्या लोडरची, सर. पण एकाने माल उचलायचा आणि दुसऱ्याने बॅच नंबर मोठ्याने वाचून टिक करायची, ही अट मी घातली. नुसतं नाव बघून उचलला असता तर बॅच चुकली असती." हॉस्पिटलची गाडी आधी का? "बाकीचा माल दुकानांचा होता. दुकान तासभर उशिरा चालतं."

इथे उत्तर एकदम भरलं. पहिल्या फेरीत मी कृतीला फार तर 2 दिले असते.

मग मॅडमनी परिणामाकडे वळून विचारलं, "वेळेत म्हणजे किती वाजता?" थोडं थांबून तो म्हणाला, "पहिली पाचला गेली. शेवटची पावणेसहाला." आणि हाताने केलेल्या नोंदी नंतर सिस्टिममध्ये चढवल्या तेव्हा तफावत निघाली का? "ते सकाळच्या पाळीने केलं, मॅडम. टिक केलेल्या याद्या मी त्यांच्या इन्चार्जच्या हातात दिल्या. पुढचं मी विचारलं नाही."

उमेदवार बाहेर गेल्यावर बोलायचं नाही, आधी प्रत्येकाने आपापले गुण आणि कारणं लिहायची, असा नियम होता. माझ्या पत्रिकेवर हे होतं:

प्रसंग, 4. "रात्रपाळी, सर्व्हर बंद, पाचला चार गाड्या, एक हॉस्पिटलची, मॅनेजर संपर्कात नाही, स्वतः इन्चार्ज. हाताशी माणसं किती आणि वेळ किती उरला होता हे आलं नाही, म्हणून 5 नाही."

कृती, 4. "हॉस्पिटलची गाडी आधी, हा निर्णय स्वतःचा आणि कारणासह. यादी मेलवरून मिळवली. जोड्या सहकाऱ्याने सुचवल्या, बॅच वाचून टिक करण्याची अट स्वतःची, म्हणजे धोका ओळखला. म्हणून 3 च्या वर. मॅनेजर न मिळाल्यावर इतर कुणाला कळवल्याचं सांगितलं नाही, म्हणून 5 नाही."

परिणाम, 2. "पहिली गाडी 5 ला, शेवटची 5:45 ला; सुरुवातीला 'सगळ्या वेळेत' म्हटलं होतं. बॅच जुळल्या का हे माहीत नाही, आणि या कामात तोच मुख्य परिणाम."

एकूण 4 + 8 + 2, म्हणजे 20 पैकी 14.

कारण लिहिताना मला एक युक्ती फार उपयोगी पडली. दिलेल्या गुणाचं समर्थन करत बसण्यापेक्षा त्याच्या वरचा गुण का नाही आणि खालचा का नाही, एवढंच लिहायचं. "उत्तम निर्णयक्षमता, म्हणून 4" यात काहीच नाही; तेच वाक्य 3 पुढेही चालेल आणि 5 पुढेही. वाक्य शेजारच्या गुणाला चिकटवून पाहावं. तिथेही बसत असेल तर ते कारण नव्हे, शेरा झाला.

सरांचे गुण होते 5, 5, 4. प्रसंगाला 5 का, तर "फार बिकट परिस्थिती". पण प्रसंगाचा गुण बिकटपणाला नसतो. काय घडलं, काय पणाला लागलं होतं आणि यात उमेदवाराचं काम कोणतं, हे ऐकणाऱ्याला कळलं का, एवढंच तिथे पाहायचं. त्याच दिवशी एका मुलीने एका खोक्याच्या तफावतीचा साधा प्रसंग सांगितला. नाट्य शून्य, पण कोणतं खोकं, कोणत्या रॅकवर, नोंद कुणाची, सगळं स्पष्ट. तिलाही प्रसंगाला 4 च मिळाले. असं केलं नाही तर ज्यांच्या गोदामात आग लागली तेच निवडले जातील.

खरी चर्चा बाकीच्या दोन रकान्यांवर झाली. सरांनी कृतीला 5 देताना लिहिलं होतं, "सगळ्या गाड्या काढून दाखवल्या." हे परिणामाचं वाक्य कृतीच्या रकान्यात आलं होतं. शेवट चांगला झाला की आधीचे निर्णयही शहाणपणाचे वाटायला लागतात. 1988 मध्ये बॅरन आणि हर्शी या दोघांनी हे प्रयोगात दाखवलं आहे: डॉक्टरांचा निर्णय तोच ठेवून रुग्ण वाचला असं सांगितलं की लोक त्या निर्णयाला जास्त चांगला ठरवत, रुग्ण दगावला म्हटलं की कमी. गोदामात उलटही होतं. माणसाने सगळं नीट केलेलं असतं आणि वाटेत गाडी पंक्चर होते. म्हणून मी तेव्हापासून कृतीचा गुण देताना परिणामाच्या टिपणावर हात ठेवतो, अक्षरशः.

परिणामाच्या 4 पुढे त्यांचं कारण होतं, "साहेबांनी कौतुक केलं." मॅडम म्हणाल्या, "सर, कौतुक सकाळी झालं, नोंदी त्यानंतर चढल्या." तफावत कळण्याआधीची शाबासकी पुरावा कसा होणार? सरांनी तो मुद्दा मान्य केला, पण एक चांगला प्रतिप्रश्न केला: विचारल्यावर त्याने पावणेसहा हे खरं सांगितलं, त्याचं काहीच नाही का? प्रामाणिकपणाची किंमत आहेच, पण या तीन रकान्यांत नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न होता, तिथे ते धरता आलं.

एक गुंता मात्र शिल्लक राहिला. नंतर तफावत तपासली नाही, ही कृतीतली उणीव की परिणामातली? माझ्या मते दोन्हीकडे बसते, पण दोन्हीकडे कापली तर एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा, त्यात कृती दुप्पट. आम्ही ठरवलं की एक पुरावा एकाच ठिकाणी मोजायचा. त्याने याद्या पुढच्या पाळीच्या हातात दिल्या, म्हणजे त्याच्या पाळीपुरतं काम पुरं केलं. निकाल माहीत नसणं परिणामात धरायचं. कुणी उलट ठरवलं तरी चालेल, फक्त सगळ्या उमेदवारांना तोच नियम हवा.

सरांनी कृती 4 आणि परिणाम 3 केला. मी 2 वर राहिलो. एका गुणाचा फरक असेल तर तसाच ठेवायचा, दोन किंवा जास्त असेल तरच टिपणं काढून बोलायचं, असं ठरलेलं होतं, त्यामुळे एकमत व्हावं म्हणून कुणी ओढाताण केली नाही.

या पत्रिकेच्याही मर्यादा आहेत. क्लासमधून घोटून आलेली उत्तरं प्रसंग, कृती, परिणाम याच क्रमाने येतात, शेवटी टक्केवारीसकट, आणि पहिल्या ऐकण्यात सगळीकडे 5 द्यावेसे वाटतात. त्यांची परीक्षा दुसऱ्या थरातल्या प्रश्नात होते: ती टक्केवारी कुणी काढली, आधीचा आकडा किती, कोणत्या रजिस्टरमधून? ज्याने काम केलं त्याला वॉचमनच्या केबिनमधला प्रिंटर आठवतो. याउलट एखाद्या कामसू माणसाला गोष्ट सांगता येत नाही, आणि आपण विचारायला कमी पडलो तर त्याचे गुण जातात. म्हणून पूरक प्रश्न आता पत्रिकेवरच छापलेत, सगळ्यांना तेच: तुम्ही स्वतः काय ठरवलं? का? नंतर तपासलं का, काय निघालं?

या उमेदवाराला बाकीच्या दोन प्रश्नांत चांगले गुण मिळाले आणि तो दुसऱ्या फेरीला आला. तिथे मॅडमनी त्याला पहिलाच प्रश्न नोंदींच्या ताळमेळावर विचारला.