सरांचा शब्द सरांचाच राहू दे

"वहीच्या पानांचे फोटो आहेत. त्यांचं नीट टाइप केलेलं टाचण हवंय, पण सरांनी वर्गात वापरलेले शब्द बदलायला नकोत. तुम्ही हे कसं करता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी प्रत्येक पानावर दोनदा काम करतो आणि ती दोन कामं एकमेकांत मिसळू देत नाही. आधी पान जसं आहे तसं उतरवतो. ओळीला ओळ, खाडाखोडीसकट, बाणांसकट. ते संपलं की त्या उतरवलेल्या मजकुरावरून टाचण बांधतो. वाचता वाचताच मांडणी करायला गेलं की हातून आपल्या सवयीचा शब्द पडतो, आणि कुठला शब्द सरांचा नि कुठला आपला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

अर्थशास्त्राच्या वहीतलं एक पान घेऊ, मागणीच्या प्रकरणातलं. त्यावर घाईघाईत लिहिलंय:

मागणीतील विचलन – किं. बदल, इ.प.का. → विस्तार (किं. कमी) / संकोच (किं. जास्त). त्याच वक्रावर. वक्र सरकत

मागणीतील बदल – किं. तीच. उत्पन्न, आवड इ. बदल → वृद्धी / ऱ्हास. वक्र सरकतो (उजवीकडे / डावीकडे)

एका विद्यार्थिनीने याचं टाइप करून आणलेलं टाचण असं होतं: "किंमत कमी झाली की मागणी वाढते. उत्पन्न वाढलं की मागणी वाढते." रोजच्या बोलण्यात दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण सरांनी तो तास घेतला होता तो या दोन वाढींमधला फरक दाखवायलाच. वस्तू स्वस्त झाली म्हणून जास्त घेतली गेली तर तो विस्तार. मागणीचा वक्र आहे तिथेच राहतो, आपण फक्त त्याच वक्रावर खालच्या बिंदूकडे जातो. किंमत तीच असून उत्पन्न वाढल्यामुळे जास्त घेतली गेली तर ती वृद्धी. तेव्हा अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. दोन्हीकडे 'वाढ' लिहिलं की पानावरचा धडाच पुसला जातो, आणि टाचण मात्र दिसायला अगदी नीटनेटकं राहतं. म्हणूनच ही चूक सहज सापडत नाही.

या पानात आणखी एक अडचण आहे. 'बदल' हा शब्द दोन तऱ्हांनी आलाय. 'मागणीतील बदल' ही सरांची संज्ञा आहे, 'किं. बदल' मध्ये तोच शब्द साधा, बोलण्यातला आहे. त्यामुळे उतरवतानाच मी संज्ञांवर खूण करून ठेवतो. संज्ञा कशी ओळखायची? वहीत ती सहसा अधोरेखित असते, चौकटीत असते किंवा तिच्यापुढे व्याख्या असते. मग टाचणात फक्त तीच ठळक करतो. 'विचलन'चंही तसंच. संख्याशास्त्राच्या तासाला 'प्रमाण विचलन' येतं आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दोन विषयांच्या संज्ञा एकाच यादीत टाकल्या तर गोंधळ ठरलेला, म्हणून यादी विषयागणिक वेगळी.

आता पहिल्या ओळीचा शेवट बघा: 'वक्र सरकत'. वाक्य तुटलंय. खरा शब्द होता 'नाही', आणि तो शिवणीत गेला. वहीच्या डाव्या पानावर प्रत्येक ओळ शिवणीपाशी संपते. वही पूर्ण उघडली नाही तर तिथे कागद वळतो आणि सावली पडते. आणि आपल्या भाषेत नकार येतो तो वाक्याच्या शेवटी. म्हणजे फोटोत आधी हरवतो तो नेमका 'नाही'. दोन्ही पानांचा मिळून एक फोटो काढू नका. एकेक पान सपाट दाबून, मोबाइल बरोबर वर धरून काढा, आणि फोटो काढल्यावर लगेच ओळींची टोकं मोठी करून बघा. जुनेच फोटो असतील आणि वही हाताशी नसेल, तर मी 'नाही' स्वतःहून भरत नाही. 'वक्र सरकत [अस्पष्ट]' असं लिहितो. इथे पुढच्या ओळीतल्या 'सरकतो'वरून अंदाज बांधता येतो, मान्य. पण अंदाज हा अंदाज म्हणूनच दिसला पाहिजे, म्हणून तो चौकटी कंसात, प्रश्नचिन्हासह.

फोटोतून आपोआप मजकूर काढणारं अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण घाईतल्या देवनागरीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शिरोरेघ अर्धवट असली की घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते, आणि संज्ञेत एक अक्षर बदललं तरी संज्ञा गेली.

'इ.प.का.' सोडवायचं कसं? 'इतर परिस्थिती कायम' की 'इतर घटक स्थिर'? दुसरं तर अक्षरांतच बसत नाही, तरी सवयीने ते लिहिणारे आहेत, कारण अर्थ तोच. मी आधीची पानं उलटतो. सर एखादा संक्षेप पहिल्यांदा वापरतात तेव्हा बहुधा तो पूर्ण सांगतात, आणि या वहीत मागणीच्या नियमाखाली तो अख्खा लिहिलेला सापडला: इतर परिस्थिती कायम. तेच रूप सगळीकडे. कुठेच सापडलं नाही तर संक्षेप संक्षेपच ठेवायचा. पाठ्यपुस्तकात वेगळा शब्द असेल तर तो सरांच्या शब्दामागे कंसात जाऊ शकतो, त्याच्या जागी नाही.

बाणांकडे मी बराच वेळ देतो. वर पहिल्या ओळीतला 'इ.प.का.' नंतरचा बाण 'म्हणून' असा वाचला तर विस्तार नि संकोच हे परिणाम ठरतात. 'याचे प्रकार' असा वाचला तर उपमुद्दे. तिरक्या रेघेने जोडलेली जोडी आणि कंसातली कारणं बघता इथे ते प्रकार आहेत. मग टाचण असं होतं:

मागणीतील विचलन (किंमत बदलते, इतर परिस्थिती कायम, त्याच वक्रावर, वक्र सरकत [नाही?])
– विस्तार: किंमत कमी
– संकोच: किंमत जास्त

मागणीतील बदल (किंमत तीच, उत्पन्न, आवड इ. बदलतात, वक्र सरकतो)
– वृद्धी: उजवीकडे
– ऱ्हास: डावीकडे

पानावरची आकृती मी पुन्हा काढत नाही. फोटोतला तेवढा भाग कापून मुद्द्याखाली लावतो, वक्राला सरांनी दिलेली नावं तशीच.

'ऱ्हास' टाइप करताना जपा. साधा र वापरला तर 'र्हास' होतं. शिवाय योग्य दिसणारा 'ऱ्हा' दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो. पडद्यावर सारखाच दिसतो, पण एका प्रकाराने शोधलं तर दुसरा सापडेलच असं नाही. एकदा बरोबर टाइप करून पुढे तोच शब्द चिकटवत जावा. मोबाइलच्या कीबोर्डची आपोआप दुरुस्तीही बंद ठेवा.

शेवटची तपासणी उलटी करतो. सरांचे शब्द आलेत का हे बघण्याआधी, नको ते शब्द शोधतो. या फाइलमध्ये 'वाढ' आणि 'घट' शोधायचे, आणि प्रत्येक ठिकाणी फोटो उघडून बघायचं की तिथे खरंच तो शब्द आहे का. उरलेले चौकटी कंस गोळा करून फोटोचा आणि ओळीचा क्रमांक घालून विद्यार्थ्याला देतो, म्हणजे सरांना "हे पान बघता का?" असं न विचारता "विचलनात वक्र सरकत नाही, असंच म्हणाला होतात ना?" असं विचारता येतं.