एका बाथटबवरचे तीन पिवळे

घरं रिकामी होताना किंवा नवीन लोक राहायला यायच्या आधी आम्ही डीप क्लीनिंग करतो, मी आणि माझ्यासोबत एक ताई. परवाचं काम पुण्यातलं, जुन्या सोसायटीतलं. भाडेकरू कुटुंब आठ वर्षांनी घर सोडत होतं आणि मालकांनी डिपॉझिटमधून आख्खा टब बदलायचे पैसे कापणार म्हणून सांगितलेलं. कारण काय, तर पांढरा अ‍ॅक्रिलिक टब पिवळा पडलाय, बेसिनपण पिवळं. भाडेकरू काकूंचा फोन आला तेव्हाच आवाज रडवेला होता, "दादा, तुम्ही बघून सांगा, निघत असेल तर काढा, नसेल तर तसं स्पष्ट सांगा."

गेल्या गेल्या पहिला वास आला तो ब्लीचचा. काकूंनी आदल्या रात्री अर्धी बाटली टबमध्ये ओतून ठेवली होती. म्हणाल्या डाग कमी होण्याऐवजी जास्त तपकिरी झाला. होणारच. सोसायटीत बोअरचं पाणी आणि आतले पाइप जुने जीआयचे, लोखंडी, म्हणजे नळाखालचा पट्टा गंजाचा असायची शक्यता दाट. गंजावर ब्लीच काम करत नाही, उलट पाण्यातलं उरलेलं लोह ऑक्सिडाइज होऊन रंग आणखी गडद होतो. पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. टबला ब्लीच लागलेलं असताना वर लिंबू, व्हिनेगर, टॉयलेटचं अ‍ॅसिड, काहीही आंबट पडलं की क्लोरीन गॅस सुटतो, आणि छोट्या बाथरूममध्ये तो छातीत बसतो. म्हणून आधी खिडकी उघडली, एक्झॉस्ट लावला आणि टब बादल्या बादल्या पाण्याने चार-पाच वेळा धुतला, वास पूर्ण जाईपर्यंत. अर्धा तास त्यातच गेला, पण त्याशिवाय पुढे जायचंच नाही.

मग टॉर्च आडवी धरून बघायला बसलो. समोरून सगळं नुसतं पिवळं दिसतं, आडव्या उजेडात वेगळं वेगळं कळतं. या टबवर तीन पिवळे होते. एक, पाण्याच्या पातळीला गोल फिरलेली मळकट रिंग, नख लावलं की मेणासारखी खरवडून येत होती. दोन, नळापासून जाळीपर्यंत आलेला तपकिरी पट्टा, हाताला खरखरीत. आणि तीन, तळाला चक्क चौकोन, त्यात ओळीने छोटे छोटे गोल, हाताला एकदम गुळगुळीत, चमक जशीच्या तशी. हा तिसरा बघून माझ्या पोटात गोळा आला, पण काकूंना लगेच काही बोललो नाही.

रिंगचं काम सोपं. ते साबण, अंगाचं तेल आणि पाण्यातला क्षार यांचं थर बसलेलं चिकट मेण. कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड, मऊ मायक्रोफायबरचं फडकं, दहा मिनिटं भिजू द्यायचं आणि पुसायचं. इथेच लोक हिरवी घासणी नाहीतर पावडर घेतात आणि तिथेच टब मरतो. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, नखाने चरा नाही पडत पण पावडरच्या कणाने हजारो बारीक चरे पडतात, आणि चमक जाते ती त्या चऱ्यांमुळे, उजेड सरळ परत न येता सगळीकडे फाकतो. शिवाय त्याच चऱ्यात पुढचा मळ बसतो आणि टब आधीपेक्षा लवकर पिवळा होतो. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नाही, त्याने वरचा थर विरघळतो.

पट्ट्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड. आधी टबच्या कडेखाली, जिथे कोणाला दिसत नाही तिथे थेंब टाकून दहा मिनिटं बघितलं, धुतल्यावर चमकीत फरक नाही. मग पट्ट्यावर थेंब टाकला तर बारीक बुडबुडे आले, म्हणजे गंजासोबत चुन्याचा क्षारपण होता. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पावडर विरघळवली, टिश्यू पेपरच्या घड्या त्यात भिजवून पट्ट्यावर चिकटवल्या. टिश्यू कशासाठी, तर उभ्या बाजूवरून पाणी घसरून जातं, टिश्यूने ते डागाला चिकटून राहतं, घासायची वेळच येत नाही. मात्र सुकू द्यायचं नाही, मध्ये एकदा फवारा मारला. उंबरठा संगमरवरी होता, त्यावर प्लास्टिक अंथरलं, कारण संगमरवराला आंबट लागलं की कायमचा पांढुरका डाग.

वीस मिनिटांनी टिश्यू काढला तर खालची बाजू चहाच्या रंगाची! काकू तिथेच उभ्या होत्या, त्यांनी टिश्यू हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. दोन फेऱ्यात पट्टा गेला, अगदी जाळीच्या कडेला जरा उरला होता तिथे तिसरी घडी ठेवली. घासलं कुठेच नाही, नुसतं धुतलं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टबमध्ये सरळ रेघ दिसतंय का ते बघायचं, कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर चमक गेली समजायचं. इथे रेघ सरळ होती.

टिश्यू मुरत होते तेवढ्या वेळात ताईंनी बेसिन घेतलं. ते सिरॅमिकचं, वरचा ग्लेज काचेसारखा कडक, त्यामुळे पिवळा थर त्याच सायट्रिकच्या पाण्याने गेला. पण कामवाल्या मावशींनी कधीतरी तारेची घासणी मारली होती, त्याच्या राखाडी रेघा होत्या, काकूंना वाटत होतं ग्लेजच खरवडला. नख आडवं फिरवलं, कुठे अडकलं नाही. म्हणजे चरा नाही, तारेचं लोखंडच ग्लेजवर उतरलंय, पेन्सिलीसारखं. त्यावरही सायट्रिकचा टिश्यू, जरा जास्त वेळ, चाळीसेक मिनिटं, आणि रेघा विरल्या. एक रेघ मात्र नखाला अडकली, ती तशीच राहिली.

आता तिसरा. काकूंना विचारलं, इथे रबरी मॅट होती का? म्हणाल्या हो, सासूबाई घसरू नयेत म्हणून, वर्षानुवर्षं तिथेच. त्या चौकोनाचं कोडं तिथे सुटलं. रबरात टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं मॅटखालून हळूहळू प्लास्टिकच्या आत उतरतात, गोल ते मॅटखालच्या सक्शन कपचे. हा डाग वरचा नाही, आतला आहे, म्हणून हाताला गुळगुळीत. साबण, सायट्रिक, दोन्ही छोट्या कोपऱ्यात लावून बघितलं, काडीचा फरक नाही. दोन हजार नंबरचा बारीक सँडपेपर पाण्यासोबत मारून वर पॉलिश करता येतं, पण वरचा थर पातळ होतो आणि डाग किती खोल आहे ते आधी कळत नाही, म्हणून मी काकूंना नको म्हटलं.

संध्याकाळी मालक आले. मी त्यांना तिन्ही जागा हात लावून बघायला लावल्या. "काका, हे दोन पिवळे गेले, हा चौकोन जाणार नाही, पण टब तडकलेला नाही, चमक आहे." ते बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, टब राहू दे, त्या चौकोनाचे काहीतरी बघू, आख्खा नाही कापत.

निघताना नळ बघितला, ठिबकत होता, तो पट्टा त्याच थेंबाचा. माझ्याकडे वॉशर होता, दहा मिनिटांत बदलून टाकला. काकूंनी जुना वॉशर हातात धरला आणि म्हणाल्या, एवढ्याशासाठी?