चार ओळी, पाऊण तास

आमच्या टीममधली ओक्साना खार्किव सोडून ल्विवला आलीये. घर मागे, आई सोबत. आज ठरवलं, तिला तिच्याच भाषेत, युक्रेनियनमध्ये चार ओळी लिहायच्या.

पहिला मसुदा वॉर्सातल्या युक्रेनियन मैत्रिणीला दाखवला. तिने आधी नावच खोडलं. हाक मारताना ओक्साना नाही, 'ओक्सानो'. आपलं 'मुलांनो'सारखं संबोधन त्यांच्याकडेही जिवंत आहे, हे वाचून उगाच जवळचं वाटलं! मग शहर. मी 'खारकोव' लिहिलं होतं, ते रशियन रूप. अशा वेळी नेमकं तेच टोचतं.

'व्से बूदे दोब्रे' म्हणजे सगळं ठीक होईल, हेही गेलं. ''तुला कसं माहीत?'' एवढंच विचारलं तिने. 'बिझेंका' म्हणजे निर्वासित. ओक्साना देशातल्या देशातच विस्थापित, त्यामुळे शब्द चुकीचा. आणि बरोबर असता तरी तिला तिच्यावर बसलेला शिक्का कशाला ऐकवायचा? 'तू की तुम्ही' यावर मात्र वाद झाला नाही. रोजच्या कॉलवर आम्ही 'ती'च म्हणतो, म्हणजे आपलं 'तू'. अचानक 'वी' केलं असतं तर पत्र ऑफिसातून आल्यासारखं वाटलं असतं.

शेवटी उरलं ते एवढं: ''ओक्सानो, दूमायू प्रो तेबे. विद्पोविदाती ने त्रेबा. झ्वित या झ्रोब्ल्यू. ओबीयमायू.'' तुझाच विचार करतेय. उत्तर द्यायची गरज नाही. रिपोर्ट मी करते. मिठी.

रात्री तिचा एकच शब्द आला, 'द्याकुयू'. रिपोर्ट अजून अर्धा बाकी आहे, बसते.