नावात गल्ली असू दे, कोड नको

"कोल्हापुरातल्या सातवी ते नववीच्या मुलांसाठी हॅकेथॉन घेतोय. मुलं आपापल्या भागातला एखादा प्रश्न शोधून सोडवणार. नाव काय ठेवू? जरा हटके सुचवा ना."

मुलं काय घेऊन येणार, हे निम्मं नावच ठरवतं. म्हणून 'हटके'च्या आधी हे बघा. नावात स्मार्ट, टेक, इनोव्हेशन यांतला एखादा शब्द आला, की झाकण आपोआप उघडणारी कचरापेटी येते. पुढे अल्ट्रासॉनिक सेन्सर, वर सर्व्हो मोटर, आत अर्डुइनो. यात मुलांची चूक नाही. त्या शब्दांचा त्यांनी आजवर पाहिलेला अर्थ तोच आहे. प्रत्यक्षात गल्लीतल्या कचऱ्याची अडचण बहुतेकदा झाकणाची नसतेच. घंटागाडी येते तेव्हा घरात कोणी नसतं, ही असते. ती दिसायला आठ दिवस दारात उभं राहून वेळा टिपाव्या लागतात. तेव्हा नावात उत्तराचा वास येऊ देऊ नका, प्रश्नाचा येऊ द्या.

'हॅक' हा शब्द मोठ्या अक्षरांत नको, असं माझं मत आहे. हॅक आणि मॅरेथॉन मिळून 1999 च्या सुमारास हॅकेथॉन हा शब्द रूढ झाला. प्रोग्रॅमर मंडळींत हॅकचा अर्थ चांगला आहे, पण घरी 'अकाउंट हॅक झालं' एवढंच माहीत असतं आणि संमतीपत्रावर सही घरचेच करतात. तरीही शब्द पूर्ण टाकू नका. शिक्षक आणि प्रायोजक तोच शोधतात. तो खालच्या ओळीत ठेवा: 'कोल्हापूर शालेय हॅकेथॉन, इयत्ता 7 ते 9'. '24 तास' मात्र कुठेच नको. त्यानं मूल रात्रभर बाहेर राहणार असं घरच्यांना वाटतं, आणि गल्लीतला प्रश्न एका रात्रीत कळतही नाही.

आता 'आपला भाग' याला शब्द कोणता, हे खरं अवघड काम. 'परिसर' बरोबर आहे, पण तिसरी ते पाचवीत 'परिसर अभ्यास' शिकलेल्या मुलाला तो पाठ्यपुस्तकाचा वाटतो. 'वस्ती' म्हटलं की शहरात झोपडपट्टीच डोळ्यांपुढे येते. तिथलं मूल संकोचतं आणि बंगल्यातल्या मुलाला हे आपलं वाटत नाही. 'पेठ' म्हणाल तर मंगळवार, शुक्रवार पेठेतली मुलं खूश, पण उचगाव-पाचगावची बाहेर. 'तालीम' हा कोल्हापुरात फार मोहात पाडणारा शब्द आहे. त्यात मोहल्ला आहे, सराव आहे, अभिमान आहे. पण ऐकणाऱ्याला लाल माती आणि पोरंच दिसतात. मुलींच्या अर्जांवर त्याचा परिणाम होईल, म्हणून मी तो मोह सोडून देईन.

उरते 'गल्ली'. पुण्या-मुंबईत या शब्दाला थोडा हलकेपणा आहे, 'गल्लीतलं क्रिकेट' म्हणतात तसा. कोल्हापुरात तो नाही. राजारामपुरीत पत्ताच मुळी 'आठवी गल्ली' असा सांगतात. आसपासच्या गावांतही गल्लीच म्हणतात. म्हणून इथे गल्ली चालेल. हेच नाव उचलून पालघरच्या पाड्यांवर नेलं तर चालणार नाही, तिथे तिथला शब्द शोधावा लागेल.

दुसरा शब्द 'समस्या' नको, तो अर्जातला वाटतो. 'जुगाड' नको, मग तात्पुरत्या बांधाबांधीलाच बक्षीस आहे असा समज होतो. 'उकल' छान आहे. मुलांनी तो गणितात 'समीकरणाची उकल' असा वाचलेला असतो. पण तोही उत्तराकडेच धावतो. 'कोडं' हा शब्द प्रश्नापाशी थांबवतो, आधी नीट बघायला लावतो. म्हणून माझी निवड: 'गल्लीचे कोडे'. एकवचनी, कारण एका संघानं एकच प्रश्न आणायचा आहे.

इथे एक खड्डा आहे. कोणीतरी हमखास सुचवेल, 'गल्लीचा कोड' करा, कोडिंगवर श्लेष होतो. करू नका. मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. ते असलेलं एखादं मूल त्याच वर्गात बसलेलं असेल, आणि पुढचे दोन महिने तेच नाव भिंतीवर असेल.

'कोडं' की 'कोडे'? बोलताना सगळे कोडंच म्हणणार, पण लिहिताना 'कोडे' ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा. फलकावर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरं असं झालं, की दोन वेगळे कार्यक्रम वाटतात. शिवाय रोमन लिपीत 'चं'चं cha होतं आणि वाचणारा 'गल्लीचा कोडा' वाचतो. gallichekode ही बारा अक्षरं बरीच सरळ जातात. इन्स्टाग्रामच्या खात्याच्या नावात देवनागरी चालत नाही, त्यामुळे रोमन रूप लागणारच. त्यात साल घालू नका, पुढच्या वर्षी नवं खातं उघडावं लागेल.

मराठी नावाला विभक्ती लागते, हे फलक छापून झाल्यावर आठवतं. 'हॅकेथॉनमध्ये' सहज होतं. 'गल्लीचे कोडे'ला प्रत्यय लावला की 'गल्लीच्या कोड्यात' होतं आणि नाव ओळखू येत नाही. 'गल्लीचे कोडेमध्ये' तर कानाला टोचतं. म्हणून नावामागे एक आधाराचा शब्द कायम ठेवा: "'गल्लीचे कोडे' या स्पर्धेत प्रथम क्रमांक". प्रमाणपत्राचं आणि सूत्रसंचालनाचं वाक्य आधी लिहून मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळेल तिथे नाव नाही तर वाक्य बदला.

मग दहा मुलांवर तपासा, आणि ती आयोजकांच्या घरची नकोत. फोनवर नाव एकदाच सांगा आणि दोन्ही लिप्यांत लिहून पाठवायला सांगा. रोमनमध्ये तीनपेक्षा जास्त रूपं आली तर नाव लांब किंवा संदिग्ध आहे. नंतर, काहीही न समजावता विचारा: "या स्पर्धेला तू काय घेऊन येशील?" पहिलं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. निम्म्याहून जास्त जणांनी रोबो किंवा ॲप म्हटलं, तर नाव पडलं. "आमच्या बोळात पाणी तुंबतं ते" असं उत्तर आलं, तर ते लागू पडतंय.

कायद्याचं थोडक्यात. आयपी इंडियाच्या ट्रेडमार्क शोधात वर्ग 41 मध्ये, म्हणजे शिक्षण आणि स्पर्धांच्या वर्गात, नाव बघा. शब्दानं आणि उच्चारानंही शोधा. कोल्हापूर म्हटलं की नावात 'शिवाजी' घालायची इच्छा होते. 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या कायद्याच्या परिशिष्टात हा शब्द आहे. व्यवसायासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून तो केंद्र सरकारच्या परवानगीविना वापरता येत नाही. प्रायोजकाचा पैसा असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

शेवटची गोष्ट नावामुळेच उद्भवते. स्पर्धा गल्लीची, म्हणजे मंचावरून 'अमुक गल्लीचा संघ' असं पुकारलं जाणार. काही गल्ल्यांची जुनी नावं जातीवरून आहेत. राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये अशी वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, पण लोकांच्या तोंडात ती अजून आहेत. तेव्हा अर्जात 'गल्लीचं नाव' असा रकाना ठेवू नका. 'तुमच्या संघाला आम्ही कुठला संघ म्हणून पुकारू?' असं विचारा आणि मुलं लिहितील तेच वाचा.