छतावरच्या सोलरचे पैसे कधी वसूल होतात: माझा हिशोब

सोलर बसवायचं ठरवलं तेव्हा हातात आलेला हिशोब एका ओळीचा होता. खर्च १,२०,०००, महिन्याचं वीजबिल २,५५०, म्हणजे ४७ महिन्यांत पैसे वसूल. हा भागाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेले दोन्ही आकडे चुकीचे आहेत. तोच हिशोब नीट मांडल्यावर माझ्याकडे ५ वर्षं ८ महिने आले. हा फरक कुठून येतो, ते सांगतो.

आधी खर्च. कोटेशनमधल्या रकमेत पॅनेल, इन्व्हर्टर आणि साधं स्ट्रक्चर धरलेलं असतं. टाकीची सावली टाळण्यासाठी स्ट्रक्चर उंच करणं, इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची जादा केबल, अर्थिंग, नेट मीटरचं शुल्क हे बहुतेक वेळा वेगळं लागतं. माझ्या २ किलोवॅटच्या सिस्टिमसाठी हे १८,००० झालं, म्हणून भागायचा आकडा १,३८,०००. अनुदान मिळणार असेल तर ते खात्यात जमा झाल्यावरच वजा करावं. कर्ज काढलं असेल तर त्याचं पूर्ण व्याज याच रकमेत मिळवायचं.

आता बचत, आणि खरी गंमत इथेच आहे. बिल टप्प्यांमध्ये लागतं. माझा वापर महिन्याला ३०० युनिट. कर वगैरे धरून पहिल्या १०० युनिटना ४ रुपये आणि त्यापुढच्या २०० युनिटना १० रुपये असा दर धरला आहे. स्थिर आकार १५०. मिळून ४०० अधिक २,००० अधिक १५०, म्हणजे २,५५०.

सोलर बसवल्यावर नेट मीटरिंगमध्ये ग्रिडमधून घेतलेल्या युनिटमधून दिलेली युनिट वजा होतात आणि उरलेल्यांचंच बिल येतं. ती उरलेली युनिट पुन्हा खालच्या टप्प्यापासून मोजली जातात. म्हणजे सोलरचं युनिट सगळ्यात आधी महागड्या टप्प्यातलं युनिट खातं. माझी पहिली २०० युनिट प्रत्येकी १० रुपये वाचवतात, त्यापुढची फक्त ४ रुपये. आणि वापरापेक्षा जास्त तयार झाली तर ती त्याच महिन्यात विकली जातात असं मी धरलं आहे. त्या विक्रीचा दर ३ रुपये धरला आहे. एकूण बिल भागिले एकूण युनिट करून ८ रुपये ५० पैसे असा सरासरी दर काढला, तर हे काहीच दिसत नाही. स्थिर आकार तर सोलरने कधीच जात नाही, त्यामुळे पूर्ण बिलाला बचत म्हणणं चुकीचंच.

दुसरी अडचण हवामानाची. वर्षाची सरासरी महिन्याला २३० युनिट आली, तरी ती सारखी येत नाही. चार ढगाळ महिन्यांत १५० च्या आसपास आणि उरलेल्या आठ महिन्यांत २७० असं धरलं. ढगाळ महिन्यात सगळीच्या सगळी १५० युनिट १० रुपयांची, म्हणून बचत १,५००. उन्हाच्या महिन्यात २०० युनिटचे २,००० आणि वरच्या ७० युनिटचे २८०, मिळून २,२८०. वर्षाचे ६,००० अधिक १८,२४०, म्हणजे २४,२४०. १,३८,००० ला यानं भागलं की ५ वर्षं ८ महिने.

सरासरी २३० युनिटवरून थेट हिशोब केला असता तर बचत २,१२० आणि मुदत ५ वर्षं ५ महिने आली असती. ढगाळ महिन्यात हुकलेलं युनिट १० रुपयांचं असतं आणि उन्हात जादा मिळालेलं ४ रुपयांचं, म्हणून सरासरी नेहमी थोडी जास्त गोड दिसते. बारा महिन्यांची जुनी बिलं काढून प्रत्येक महिन्याचा हिशोब वेगळा करावा, तो एवढ्यासाठीच.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो पुढचा प्रश्न: तिसरा किलोवॅट घ्यावा का? त्याला ४५,००० जादा लागणार होते. ३ किलोवॅटला ढगाळ महिन्यात २२५ युनिट, म्हणजे २,१०० बचत. उन्हात ४०५ युनिट: २,०००, मग १०० युनिटचे ४००, आणि १०५ शिल्लक युनिटचे ३१५, मिळून २,७१५. वर्षाचे ३०,१२०. एकूण खर्च १,८३,००० धरला तर सगळ्या सिस्टिमची मुदत ६ वर्षं १ महिना येते आणि फारसं काही बिघडल्यासारखं वाटत नाही. पण फक्त तिसऱ्या किलोवॅटकडे पाहा: त्याच्यामुळे वर्षाला वाढणारी बचत फक्त ५,८८०. ४५,००० ला तिनं भागलं की ७ वर्षं ८ महिने. पहिल्या दोघांची चांगली कमाई तिसऱ्याला झाकून टाकते. म्हणून क्षमता ठरवताना मुदत एकूण खर्चावर नाही, प्रत्येक वाढीव किलोवॅटवर काढावी. वापर लवकरच वाढणार असेल, तर मात्र तोच तिसरा किलोवॅट १० रुपयांची युनिट वाचवू लागतो आणि उत्तर बदलतं.

पॅनेलची झीज मी फार मनावर घेतली नाही. वर्षाला साधारण अर्धा टक्का उत्पादन कमी होतं, त्यानं ही मुदत थोडीच सरकते. इन्व्हर्टर मात्र पॅनेलइतका टिकत नाही. मुदत दहा वर्षांच्या पलीकडे जात असेल, तर एक नवा इन्व्हर्टर खर्चात धरायलाच हवा.

बसवल्यानंतर हिशोब खरा ठरतोय का, हे जुनं बिल आणि नवं बिल शेजारी ठेवून कळत नाही. वीज स्वस्त वाटली की वापर बदलतो आणि दरही बदलतात. दर महिन्याला तीन आकडे लिहून ठेवावेत: सोलरची निर्मिती, ग्रिडमधून घेतलेली युनिट, ग्रिडला दिलेली युनिट. समजा निर्मिती २६८, घेतली १४५, दिली १२०. घराचा खरा वापर २६८ वजा १२० अधिक १४५, म्हणजे २९३. सोलर नसतं तर याचं बिल २,४८० आलं असतं. प्रत्यक्षात २५ युनिटचे १०० आणि स्थिर आकार १५०, म्हणजे २५०. त्या महिन्याची बचत २,२३०. ही रक्कम दर महिन्याला आधीच्या बेरजेत मिळवत जायची. बेरीज १,३८,००० ला पोचेल त्या महिन्यात पैसे वसूल.

बेरीज मागे पडू लागली तर इन्व्हर्टरच्या ॲपमधला एका निरभ्र दिवसाचा आलेख उघडावा. तो सकाळी चढून दुपारी गोल होऊन उतरायला हवा. आकार तोच पण सगळाच बुटका असेल तर बहुधा धूळ. रोज ठरावीक वेळी खाच पडत असेल तर सावली. आणि ऐन दुपारी आलेख सरळ शून्यावर येऊन काही मिनिटांनी पुन्हा चढत असेल, तर ग्रिडचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यामुळे इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतोय असं समजावं. इन्व्हर्टरच्या नोंदीत तसा संदेशही सापडतो. वीज गेली की ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर असाच थांबतो, त्यामुळे दिवसाचं भारनियमनही निर्मितीतून वजा होतं. व्होल्टेजची तक्रार वीजपुरवठा करणाऱ्यांकडे आलेखाच्या छायाचित्रासह आणि वेळा लिहून द्यावी, कारण तो दोष पॅनेल धुऊन जात नाही.