तुम्ही आलात, ठीक. आता बिलाचं कोणाला विचारायचं?

नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माणसाकडे काम सोडून सगळं असतं. लॅपटॉप मिळालेला असतो, निम्मे अ‍ॅक्सेस यायचे असतात, माहितीसुरक्षेचे सक्तीचे व्हिडिओ बघून संपत आलेले असतात. अशा वेळी मॅनेजर जाता जाता म्हणतो, "अरे हो, तेवढा ओळखीचा मेल टाकून द्या सगळ्यांना." रिकाम्या हातांना काम मिळतं आणि मेल फुगायला लागतो. या मेलला निवांत वेळ मिळू नये असंच माझं मत आहे. निवांत बसलेला माणूस स्वतःबद्दलच लिहितो.

मी ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या टीममध्ये आहे. त्यामुळे असे मेल लिहिण्यापेक्षा वाचण्याचाच प्रसंग जास्त येतो. मध्यंतरी आमच्याकडे बिलिंगच्या कामावर नवी प्रॉडक्ट मॅनेजर रुजू झाली. तिने मेल पाठवायच्या आधी मसुदा मला दाखवला. "तुम्ही वाचणाऱ्यांपैकीच आहात, कसा वाटतो सांगा," म्हणाली. अशी विचारणारी माणसं विरळाच.

मसुदा चांगला होता, म्हणजे भाषा चांगली होती. रुजू होताना अतिशय आनंद होत असल्याचं पहिलं वाक्य. मग शिक्षण. मग आधीच्या नोकऱ्या क्रमाने, आणि शेवटच्या नोकरीत चुकीच्या बिलांचं प्रमाण निम्म्यावर आणल्याचा उल्लेख. मग छंद. शेवटी सर्वांसोबत काम करण्याची उत्सुकता. मी तो दोनदा वाचला, कारण मला एकच गोष्ट हवी होती आणि ती सापडत नव्हती. ग्राहकाला एकाच महिन्याची दोन बिलं गेली, तर आजपासून मी ते प्रकरण कोणाकडे पाठवू? आतापर्यंत मी ते तिच्या जागी असलेल्या सहकाऱ्याकडे पाठवत होतो. तो नोकरी सोडून गेला नव्हता, दुसऱ्या टीममध्ये गेला होता आणि दोन रांगा पलीकडे बसत होता.

हीच या मेलची खरी मेख आहे. जुना माणूस समोर दिसत असेल तर लोक त्यालाच विचारत राहतात. सवयीचा पत्ता असतो, आणि तो भला माणूस असेल तर उत्तरही देतो. मग बिलिंगचे निर्णय येता-जाता उभ्याउभ्या होत राहतात आणि जिच्या नावावर ते काम आहे तिला महिनाभराने कळतं. गंमत म्हणजे मेल फसला हे कोणी सांगत नाही. उलट 'स्वागत!', 'वेलकम अबोर्ड!', अंगठे, फुगे असा नुसता पाऊस पडतो. ज्या मेलला फक्त अंगठे येतात त्यातून कोणाच्या कामाचं काही बदललेलं नसतं. "मग परताव्यांचंही तुमच्याकडेच का?" असं एकाने जरी विचारलं, तरी समजावं की मेल नीट वाचला गेला.

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पण ते मलाच अजून नीट माहीत नाही." हे मला फार प्रामाणिक उत्तर वाटलं. बहुतेक ओळखीचे मेल गुळमुळीत होतात ते लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही म्हणून नव्हे, तर हँडओव्हरच ठरलेला नसतो म्हणून. नेमकं वाक्य लिहायला जावं तर हात अडतो. मग तिथे 'बिलिंगची एकंदर जबाबदारी' असा शब्दसमूह येऊन बसतो आणि सगळ्यांची सोय होते.

तिने मसुदा बाजूला ठेवला आणि मॅनेजर व जुना सहकारी या दोघांना एकत्र बसवून विचारलं: कुठलं काम कधीपासून माझं? उत्तरं एका दमात आली नाहीत. चुकीच्या आणि दुहेरी बिलांचं काम लगेच तिच्याकडे, यावर दोघांचं एकमत होतं. नव्या दरयोजनेचं काम अर्ध्यावर होतं, ते जुन्यानेच बाजारात येईपर्यंत संपवायचं ठरलं. परताव्यांवर मात्र गाडी अडली. मॅनेजरच्या मते ते आधीच तिच्याकडे गेले होते, आणि जुन्याला वाटत होतं की महिनाअखेरचा हिशेब संपेपर्यंत ते आपल्याकडेच आहेत. म्हणजे तो मेल तसाच गेला असता, तर परताव्यांच्या विनंत्या निदान दोन आठवडे दोघांच्या मधोमध पडून राहिल्या असत्या, आणि ग्राहकाचा आवाज चढला की फोन आमच्याकडेच आला असता. शेवटी पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून परतावे तिच्याकडे, असं ठरलं. ऑनलाइन पैसे घेण्याची यंत्रणा पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपनीशी करार वगैरे बोलणी मॅनेजरकडेच राहिली. त्या कंपनीला हा मेल पाठवायचाच नाही. बाहेरच्यांशी ओळख मॅनेजर स्वतंत्रपणे करून देईल, हेही तेव्हाच ठरलं. ते बरंच झालं. आतल्या मेलमधून बाहेरच्यांना कोणाच्या अधिकारात काय येतं ते समजू लागलं, की बोलणी भलत्याच माणसाशी सुरू होतात.

मग तिने एका मेलचे दोन केले. आमच्यासारख्या इतर विभागांना गेला तो असा होता:

"विषय: बिलिंग – सोमवारपासून संपर्क

नमस्कार,

बिलिंगची प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून मी या आठवड्यात रुजू झाले आहे. चुकीच्या किंवा दुहेरी बिलांची प्रकरणं सोमवारपासून माझ्याकडे पाठवावीत. परताव्यांचं काम पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून माझ्याकडे येईल. तोवर ते आधीच्याच सहकाऱ्याकडे आहे. नवी दरयोजना तेच पूर्ण करणार आहेत.

याआधी मी विमा क्षेत्रात बिलिंगचंच काम केलं आहे. तुमच्या विभागाला बिलिंगचा सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो, हे समजून घ्यायला पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्येकाची वीस मिनिटं मागणार आहे. वेळ तुमच्या सोयीने ठरवू."

एवढाच. फोनवर सूचना येते तेव्हा विषय आणि पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. बरेचसे विभागप्रमुख त्यापुढे जात नाहीत. विषयाच्या ओळीत तिचं नाव नव्हतं, बिलिंग होतं. 'माझी ओळख' अशा विषयाचा मेल तीन महिन्यांनी कोणी शोधत नाही. 'बिलिंग संपर्क' असं मात्र नक्की शोधतात, मीच शोधतो.

बिलं निम्म्यावर आणल्याचं वाक्य गेलं ते बरं झालं. ते खरं असेल, माझा काही संशय नाही. पण तो मेल वाचणाऱ्यांत आमची चुकीची बिलं काढणारे लोकही होते. आल्या आल्या कोणी सांगितलं की तिकडे आम्ही चुका निम्म्या केल्या, तर इकडच्याला ऐकू येतं ते एवढंच, की इकडे चुका दुप्पट आहेत. हेच ती वीस मिनिटांच्या भेटीत, कोणी विचारल्यावर सांगू शकते, आणि तेव्हा त्याचा उपयोगही होतो.

दुसरा मेल तिच्या स्वतःच्या टीमला. तो मी नंतर पाहिला. टीमला संपर्काची पंचाईत नसते. माणूस समोरच बसलेला असतो. त्यांना धास्ती वेगळीच असते: ही आता काय काय बदलणार? शिवाय अशा टीममध्ये बहुधा एखादा असतो ज्याला ती जागा आपल्याला मिळेल असं वाटलेलं असतं. तो असा मेल शब्द न् शब्द वाचतो. तिने लिहिलं होतं की सध्याच्या बैठका आहेत तशाच चालतील, या तिमाहीची ठरलेली कामं बदलणार नाहीत, आणि सुरुवातीला ती बरेच प्रश्न विचारेल. त्यातला कुठलाही प्रश्न 'हे असं का केलं' अशा सुराचा समजू नये. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते आणि संध्याकाळी किती वाजल्यानंतर आपण मेल बघत नाही, हेही होतं. छंद इथे होता, एकच. तिला जुनी घड्याळं दुरुस्त करायला आवडतात. वाचन, प्रवास आणि संगीत ही त्रिमूर्ती मी इतक्या मेलमध्ये पाहिली आहे की तिच्यावरून एकही माणूस ओळखता येणार नाही. घड्याळांवरून मात्र टीममधल्या दोघांनी त्याच दुपारी तिच्याशी बोलायला सुरुवात केली.

क्रमही महत्त्वाचा. आधी मॅनेजरने नेमणुकीचा छोटा मेल टाकला, मग सकाळी टीमचा गेला आणि दुपारी बाकीच्यांचा. हे उलटं झालं, तर टीमला आपली नवी मॅनेजर हिशेब विभागाने पुढे पाठवलेल्या मेलमधून कळते, आणि तो सल लवकर जात नाही.

पत्त्यांबद्दल एक सांगायला हवं. नवा माणूस उत्साहाने भलीमोठी यादी निवडतो आणि मग सगळे सगळ्यांना उत्तर देत बसतात. 1997 साली मायक्रोसॉफ्टमध्ये 'बेडलॅम डीएल3' नावाच्या हजारो लोकांच्या एका यादीवर कोणीतरी 'मला यातून काढा' असं लिहिलं, त्यावर 'मलाही' म्हणणाऱ्यांची रीघ लागली आणि मेल सर्व्हर गुदमरले. ओळखीच्या मेलने सर्व्हर पडत नाहीत, पण चाळीस 'स्वागत' वाचताना माणसं वैतागतात. यादी खरोखरच मोठी असेल तर नावं बीसीसीत टाकावीत, म्हणजे उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे येतं. सात-आठ विभागप्रमुख असतील तर मात्र नावं उघडी असलेलीच बरी. परताव्याची तारीख हिशेब विभागालाही कळली आहे हे मला माझ्याच स्क्रीनवर दिसतं, आणि पुढचा एक फोन वाचतो. आणि पत्ता टाईप करताना नाव आपोआप पूर्ण होतं तिथे दोनदा बघावं. एकाच नावाची दोन माणसं बहुतेक कंपन्यांत असतात.

मेल गेला. अंगठे आले, फुगेही आले. हिशेब विभागाच्या प्रमुखांनी मात्र विचारलं, "1 तारखेच्या आधी मंजूर झालेले पण न दिलेले परतावे कोणाकडे?" याचं उत्तर तिघांपैकी कोणाकडेच तयार नव्हतं, ते शोधायला एक दुपार गेली. आमच्याकडे सोमवारी दुहेरी बिलाचं प्रकरण आलं आणि माझ्या सहकाऱ्याने सवयीप्रमाणे ते जुन्यालाच पाठवलं. त्याने स्वतः उत्तर दिलं नाही. तिचं नाव 'टू'मध्ये घातलं, 'यापुढे या बघतील' अशी एक ओळ लिहिली आणि स्वतः बाहेर पडला. असं त्याला बरेच दिवस करावं लागलं. सवय लागायला तो मेल एकटा पुरला नाही.